स्वतःला पाच, खालून एक पॉइंट चार

माझा स्वभाव बरा नाही, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या कारखान्यात तो चहूबाजूंनी गुण देण्याचा प्रकार पहिल्यांदा आला, तेव्हा ‘समोरच्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेते’ या वाक्यापुढे मी स्वतःला पाचपैकी दोन दिले आणि सहकाऱ्यांनीही मला दोनच दिले. पुण्याहून आलेले प्रशिक्षक माझा अहवाल बघून थोडे गोंधळले. जगाचं आणि माझं माझ्याबद्दल इतकं एकमत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मी म्हटलं, सर, पुढं चला, माझ्यात बघण्यासारखं काही नाही.

मी गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका कारखान्यात एचआरचं काम बघते. औषधांच्या बाटल्यांची झाकणं करतो आम्ही. धारगळहून स्कूटरवर जाते, सकाळी पोदेराकडून पाव घेऊन डब्यात टाकते, आणि दिवसभर लोकांच्या रजा, भांडणं आणि रुसवेफुगवे निस्तरते. तीन वर्षांपूर्वी हेड ऑफिसनं ठरवलं की प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या वरच्यानं, बरोबरच्यांनी आणि हाताखालच्यांनी गुण द्यायचे, आणि त्यानं स्वतःही स्वतःला द्यायचे. मग ते शेजारी शेजारी मांडून माणसाला दाखवायचे. हे दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी मला शिकवणीलाही पाठवलं.

शिकवणीत मला पटलेल्या गोष्टी थोड्याच होत्या, पण त्या पक्क्या पटल्या. माणसानं स्वतःला जास्त दिले आणि लोकांनी कमी, तर तो खोटारडा ठरत नाही. त्याला स्वतःची ती बाजू दिसत नसते एवढंच. स्वतःला कमी आणि लोकांनी जास्त, तर तो नम्रच असेल असंही नाही. कधी तो घाबरलेला असतो, कधी लोक. एकूण सरासरीवर कधी जायचं नाही, कोणत्या वाक्यावर आणि कोणत्या गटाशी अंतर पडलंय ते बघायचं. वरचा साहेब माणसाला वर बघताना बघतो, हाताखालचे त्याला खाली बघताना बघतात, म्हणून दोघांचे आकडे जुळले नाहीत तर कुणीतरी खोटं बोलतंय असं समजायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुणी किती दिले हे शोधायचं नाही. आणि या गुणांवरून कुणाची बढती, पगार किंवा नोकरी ठरवायची नाही. ठरवलीत की पुढच्या वेळी लोक खरं लिहिणार नाहीत.

हे सगळं मी आमच्या स्टोअरच्या प्रमुखांना समजावून सांगितलं होतं. त्यांना सगळा कारखाना भाई म्हणतो, मीही म्हणते. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपास. कच्च्या मालाच्या गोणी ट्रकमधून उतरत असताना नुसत्या नजरेनं किती कमी आहेत ते सांगणारा माणूस. पेडण्याकडच्या त्यांच्या गावात देवळाची कमिटी त्यांच्या हातात, भांडण सोडवायला लोक त्यांच्याकडे, आणि कुणाचा मुलगा घरी बसलाय असं कळलं की त्याला कामाला लावणारेही तेच. स्टोअरमध्ये त्यांच्या हाताखाली पाच माणसं होती. चार त्यांच्याच वाड्यावरची, चौघांनाही त्यांनीच लावलेलं. त्यातला एक तर त्यांचा सख्खा भाचा. पाचवा बेळगाव जिल्ह्यातला, खानापूरकडचा. बाकी चौघं कायम, हा सात वर्षं ठेक्यावर.

हा खानापूरचा माणूस धारगळला माझ्या घराजवळच भाड्याच्या खोलीत राहायचा. बायको, एक मुलगी. मुलगी तिथल्याच शाळेत घातलेली. त्या वर्षी कंपनी ठेकेदाराशी असलेला करारच बंद करणार होती. जी जुनी माणसं चांगली आहेत त्यांना कायम करायचं आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं, असं ठरलं होतं. कायम करायचं की नाही हे विभागप्रमुखाच्या शेऱ्यावर होतं. म्हणजे खानापूरच्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य भाईंच्या एका ओळीवर टांगलेलं होतं. आणि त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, हे भाई स्वतःच मला चहा पिताना सांगून गेले होते.

तर गुणांचं सांगते. भाईंनी मोबाइलवर लिंक उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि चहा संपायच्या आत सगळी वाक्यं उरकून टाकली. सगळीकडे पाच. मी त्यांना सांगून बघितलं, की सगळीकडे पाच घातलेत तर तुम्हाला स्वतःचं काय जास्त जमतं आणि काय कमी हे तुमच्याच बाजूनं कळणार नाही. ते हसले. म्हणाले, बाय, कमी काय जमतं ते शोधायचं तर मला स्टोअर सोडावं लागेल.

अहवाल आला तेव्हा मी तो आधी एकटीनं वाचला. साहेबांनी भाईंना चार, बरोबरच्या विभागप्रमुखांनी पावणेचार, हाताखालच्यांनी दोनच्या थोडं वर. इथपर्यंत ठीक होतं, असं कुठंही होतं. पण एका वाक्यावर माझी नजर थांबली. ‘कुणाची चूक झाली तर चारचौघांत अपमान न करता सांगतात.’ भाईंनी स्वतःला पाच. साहेबांनी चार. हाताखालच्यांनी एक पॉइंट चार.

मला आश्चर्य वाटलं नाही. स्टोअरच्या बाजूनं जाणाऱ्या कुणालाच वाटलं नसतं. तिथं नापास मालावर लाल चिठ्ठी चिकटवायची पद्धत आहे. ज्यानं चूक केली त्याच्या शर्टावर भाई ती लाल चिठ्ठी चिकटवायचे आणि त्याला तशीच घेऊन जेवायला कॅन्टीनमध्ये पाठवायचे. कॅन्टीनभर हसू. ज्याच्या पाठीवर असायची तोही हसायचा. भाचाही एकदा तसाच हसत आला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. भाईंच्या मते ही मस्करी होती. आपुलकीची मस्करी. परक्याच्या पाठीवर कोण चिठ्ठी लावणार, असं ते म्हणायचे. खरं तर खानापूरवाल्याच्याही पाठीवर ते लावायचे.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि शिकवल्याप्रमाणे केलं. आधी काय अपेक्षा आहे ते विचारलं. ते म्हणाले, खालून सगळ्यात जास्त येणार, माझीच पोरं आहेत. मग अहवाल समोर ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग बोट नेमकं त्या ओळीवर ठेवलं. हिशोबातला माणूस, त्याला दाखवावं लागलं नाही.

“ह्यां त्या बेळगावकाराचां काम,” ते म्हणाले. “बाकीची सगळी माजी माणसां.”

मी म्हटलं, कुणाचं ते आपण बघायचं नसतं. आपण एवढंच बघायचं की स्टोअरमध्ये ही गोष्ट तुम्हाला वाटते तशी घेतली जात नाही. एक गोष्ट धरा, चिठ्ठी लावणं बंद करून बघा, सहा महिन्यांनी पुन्हा विचारू. माझ्या आवाजात तोंडदेखली गोडी होती आणि ती मलाच सहन होत नव्हती. त्यांनी अहवालाची घडी केली, खिशात घातली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोअरमध्ये पाचही जणांना उभं केलं. ट्रक दारात लागलेला होता, गोणी तशाच ठेवून. खिशातला कागद काढून ती ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, कोणी दिले? असं करू नये, हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. भाच्यानं लगेच गावच्या देवाची शपथ घेतली. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, चौथ्यानं तर डोळ्यांत पाणी आणलं. खानापूरचा माणूस खाली बघत उभा राहिला. त्याचा देव वेगळा म्हणून नव्हे. त्याला शपथ घ्यायची नव्हती. भाईंना तेवढं पुरलं.

हे मला त्याच दुपारी कळलं, कारण कारखान्यात असं काही तासाभरापेक्षा जास्त लपत नाही. दोन दिवसांत भाईंचा शेरा माझ्या टेबलावर आला. खानापूरच्या माणसाच्या नावापुढे लिहिलं होतं, वागणूक समाधानकारक नाही, कायम करण्याची शिफारस नाही. बाकीच्या विभागांतून आलेले शेरे सगळे होकाराचे. हा एकच नकाराचा.

माझं डोकं फिरलं. मी जनरल मॅनेजरकडे गेले. ते शांत माणूस, कुठल्याही गोष्टीवर पाणी टाकण्यात पटाईत. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, की गुणांच्या प्रकाराचा आणि कायम करण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही असं तुम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं ना? मी म्हटलं, हो, म्हणूनच तर आले. ते म्हणाले, मग शेऱ्यात गुणांचा उल्लेख कुठं आहे? नव्हता. भाईंनी कुठंच लिहिलं नव्हतं की हा गुणांवरून काढतोय. मॅनेजर म्हणाले, स्थानिक माणूस आहे, गाव त्याच्या मागे आहे, मी त्याच्या शेऱ्याला हात लावणार नाही. तुम्ही त्यांच्याकडून बदलून घेतलात तर मी शुक्रवारी सही करतो.

म्हणजे भाईंनाच पटवायचं. आणि भाईंना पटवायचा एकच रस्ता होता, तो मला शिकवणीत मना केलेला होता.

सांगायला हवं, की त्या अहवालात प्रत्येक वाक्यापुढे सरासरीबरोबर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही छापलेला असे. मोठ्या गटात ते ठीक. पाच जणांच्या गटात तो छापणं म्हणजे दार उघडं टाकणं. मी हे ज्या कंपनीनं तो अहवाल तयार केला तिला आधीच कळवलं होतं. त्यांनी पुढच्या वेळी बघू म्हणून सांगितलं होतं. त्या एक पॉइंट चारपुढे लिहिलं होतं, सगळ्यात कमी एक, सगळ्यात जास्त तीन. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. भाईंनाही दिसलं असणार. गोणी मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं हा हिशोब केला नाही, कारण त्याला तो करायचाच नव्हता.

गुरुवारी मी त्यांना पुन्हा बोलावलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. मी म्हटलं, भाई, हिशोब करायचा आहे, तुम्हीच करा, मला येत नाही.

“एक पॉइंट चार गुणिले पाच?”

“सात,” ते म्हणाले.

“सगळ्यात मोठा आकडा कितीचा?”

“तीन.”

“सातातले तीन गेले. उरले किती?”

“चार.”

“आणि माणसं किती उरली?”

त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. चार गुण आणि चार माणसं. शून्य देता येत नाही. म्हणजे चौघांनी प्रत्येकी एक. मी तेही मोठ्यानं सांगितलं, कारण मला राग आला होता आणि राग आला की मी अर्ध्यावर थांबत नाही. मी म्हटलं, खानापूरवाल्यानं एक दिला की तीन दिले ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. त्यानं तीन दिले असतील तर तुमच्या चारही माणसांनी तुम्हाला एक दिला. त्यानं एक दिला असेल तरी तुमच्या चारांतल्या तिघांनी एक दिलाय. दोन्हीकडून निदान तिघं तुमचेच. ज्यांनी तुमच्यासमोर देवाची शपथ घेतली त्यातले तिघं. आणि चौथ्याला तीन देताना फार आनंद झाला असेल असं समजू नका.

मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं लोक म्हणतील. पण एका माणसाची मुलगी धारगळच्या शाळेत सकाळी माझ्यासमोरून जायची, आणि हा माणूस त्या मुलीच्या बापाला बाकीच्यांनी दिलेल्या गुणांसाठी रस्त्यावर आणत होता. मला त्या घडीला भाईंना दुखवायचंच होतं. ते दुखावले हे मला दिसलं आणि मला बरं वाटलं.

भाई आता खाली बसले. म्हणाले, “बाय, तुजो हिशोब बरोबर असा.”

मी शेऱ्याचा कागद त्यांच्यासमोर सरकवला. पेनही ठेवलं. त्यांनी पेनाकडे बघितलंही नाही.

“चार जणांक गावातसून काढूक येणा नाय,” ते म्हणाले. “हेका काढूक येता. हो रवलो तर सगळ्या गावाक कळतला, ता काम आमच्याच माणसांनी केल्यानी. मगे चवथीक माज्या घराकडे कोण कोणाच्या तोंडाकडे बघतलो?”

मी विचारलं, म्हणजे त्यानं एकट्यानं केलं नाही हे कळूनही तुम्ही त्यालाच काढणार? ते म्हणाले, कोणीतरी केलेलं असलंच पाहिजे. आणि उठून गेले. मी पेन उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. मला शिव्या येतात आणि मी त्या दार लागल्यावर दिल्या.

मी एवढं बोलून मिळवलं काय? भाईंचा आधी गैरसमज होता म्हणून ते त्या माणसाला काढत होते. माझ्यामुळे त्यांना खरं कळलं, आणि आता ते खरं कळलं म्हणून काढत होते. पहिल्या वेळी निदान चूक तरी होती.

शुक्रवारी मॅनेजरनी आहे त्याच शेऱ्यावर सही केली. करार संपल्याची चिठ्ठी मीच द्यायची असते. मी ती त्याच्या खोलीवर जाऊन दिली, कारखान्यात नाही. त्याची बायको आत भाकरी करत होती. तो दारातच बसला, कागद दोनदा वाचला आणि पायरीवर ठेवला. त्यानं कारण विचारलं नाही. म्हणून मीच सांगायला सुरुवात केली आणि लगेच थांबले, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग तो म्हणाला, “मी बी एकच दिलतो, मॅडम. तुमीच सांगितलासा नव्हं, नाव कळत न्हाई, खरं असंल ते लिवा म्हणून.”

“नाव कुणालाच कळलं नाही,” मी म्हटलं. ते खरं होतं.

“व्हय,” तो म्हणाला. “तेवढं झालं.”

त्याच्या आवाजात चेष्टा होती की नव्हती ते मला कळलं नाही. मुलगी आली, तिनं मला बघून नमस्कार केला, आणि मी निघाले. पुढच्या महिन्यात त्यांनी खोली सोडली. तेव्हापासून मला त्याचा फोन आलेला नाही आणि मीही केलेला नाही.

चवथीला, गणपतीत, भाईंच्या घरी चौघं गेले होते. मूर्तीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला नेहमीसारखे वर चढले. हे मला भाच्यानंच सांगितलं, मोदक घेऊन आला होता तेव्हा. मी मोदक ठेवून घेतले. खाल्ले नाहीत. पोदेराच्या मुलाला दिले.

पुढच्या वर्षी तोच प्रकार पुन्हा आला. स्टोअरमध्ये आता पाचवा माणूसही भाईंच्याच गावचा, त्यांनीच लावलेला. प्रशिक्षक पुन्हा पुण्याहून आले. या वेळी अहवाल आधी त्यांनी वाचले होते, आणि सगळ्या विभागप्रमुखांच्या बैठकीत एका माणसाची परवानगी घेऊन त्याचे आकडे पडद्यावर दाखवायचं ठरवलं होतं. तो माणूस भाई होते. भाईंनी परवानगी दिली होती, हे मला तिथं कळलं.

पडद्यावर तीच ओळ आली. चूक झाली तर चारचौघांत अपमान न करता सांगतात. हाताखालच्यांकडून पाच पॉइंट शून्य. सगळ्यात कमी पाच, सगळ्यात जास्त पाच. पाच माणसं, आणि त्यातल्या एकाचंही मत वेगळं नाही. आणि त्याच्या शेजारी भाईंनी स्वतःला दिलेला आकडा. एक.

बैठकीत कुजबुज झाली. प्रशिक्षक खूश होते. ते म्हणाले, मागच्या वर्षी यांनी स्वतःला पाच दिले होते आणि टीमनं दीडच्याही खाली. या वर्षी उलटं झालंय. माणूस स्वतःकडे कठोरपणे बघायला शिकला आणि टीमचा विश्वासही कमावला. असं अंतर आपल्याला क्वचित दिसतं. भाईंना मात्र आता स्वतःला एवढं कमी लेखायची गरज नाही, असंही ते प्रेमानं म्हणाले.

मी तिथं बोलले. म्हटलं, सर, पाच जणांनी एकाच वाक्यावर एकच आकडा दिला तर आपण काय विचारायला पाहिजे? ते म्हणाले, एकमत असू शकतं. मी म्हटलं, भीतीही असू शकते, तुम्हीच शिकवलं होतंत. मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. प्रशिक्षक म्हणाले, हो, तेही असू शकतं, पण त्यासाठी काही घडलेलं असावं लागतं, तसं काही घडलंय का? तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं काय घडलंय. मी पुढं बोलणार इतक्यात मॅनेजर म्हणाले, वेळ कमी आहे.

प्रशिक्षकांनी भाईंना विचारलं, तुम्ही स्वतःला एक का दिलात?

“खरो आकडो कोणीतरी घालूक व्हयो,” भाई म्हणाले.

टाळ्या झाल्या. प्रशिक्षकांनी पुढं येऊन त्यांचा हात हातात घेतला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बैठक सुटल्यावर भाई माझ्या केबिनच्या दारात आले. आत आले नाहीत. त्यांचे डोळे थकलेले होते, ते आता खरंच म्हातारे दिसायला लागले होते. म्हणाले, “बाय, या खेपेक मी खरां लिवलंय.” त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, “भाई, तो माणूस खानापूरला आहे. त्याला जाऊन सांगा.”

त्यांनी मान हलवली आणि ते जिना उतरले. मी फायली आवरल्या. स्कूटरच्या किल्ल्या शोधत खाली आले तेव्हा स्टोअरचं शटर अर्धं वर होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता. नवा माणूस एका गोणीवर चुकीचा नंबर टाकून बसला होता. भाई त्याला, त्याच्या बापाला आणि त्याच्या शाळेतल्या मास्तरांना नावं ठेवत होते, आणि बाकीचे चौघं हसत होते. नवा माणूसही हसत होता आणि दर वाक्यामागे होय भाई म्हणत होता.